बंद मशीन, चालू कॉल : होतकरू दुभाष्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! जपानी भाषेच्या परीक्षा तुम्ही पास झालात, पुण्यातल्या एका एजन्सीच्या यादीत तुमचं नाव लागलं आणि आज दुपारी अडीच वाजता चाकणहून फोन आला. "मशीन बंद पडलंय, जपानचा इंजिनिअर व्हिडिओवर घेतोय, तासाभरात येता का? अर्ध्या तासाचं काम आहे." हे शेवटचं वाक्य खरं मानून पुढे कोणालाही संध्याकाळची वेळ देऊ नका. अडीच वाजले म्हणजे जपानात सहा वाजलेत. ते आपल्या साडेतीन तास पुढे असतात. तिकडच्या इंजिनिअरची घरी जायची वेळ झालेली आहे. तो तसं कधीच बोलून दाखवणार नाही, पण त्यापायी त्याची वाक्यं हळूहळू आखूड होत जातील. ते तुमच्या पथ्यावर पडेल.

निघण्यापूर्वी तीन फोटो मागवा : मशीनच्या नेमप्लेटचा, स्क्रीनवरच्या अलार्मचा आणि इलेक्ट्रिक पॅनलचं दार उघडून आतल्या भागाचा. मशीनबरोबर आलेली वायरिंगच्या ड्रॉइंगची वही कुठे आहे तेही विचारा. ती साहेबांच्या कपाटात असते आणि किल्ली साहेबांकडे असते. साहेब मीटिंगमध्ये असतात. म्हणून ही चौकशी रस्त्यात असतानाच सुरू करायची. पोहोचल्यावर केली तर चहा पिण्यापलीकडे तुम्हाला काही काम उरत नाही.

शब्दांची यादी पाठ करून जायची हौस असेल तर जरूर करा, पण ती मराठीत करू नका. मेंटेनन्सचे दादा 'स्पिंडल', 'ब्रेक', 'रिले', 'कनेक्टर', 'अलार्म' असंच म्हणतात. जपानी इंजिनिअरही यातले बरेच शब्द आपल्या उच्चारात तसेच म्हणतो. 'ब्रेक'चा 'बुरेकी' होतो, 'रिले'चा 'रिरे', 'स्पिंडल'चा 'स्पिंदोरु'. तुम्ही 'गतिरोधक' म्हणालात तर दादा गेटबाहेरच्या रस्त्याकडे बघतील.

आता प्रत्यक्ष प्रसंग. समजायला सोपं जावं म्हणून एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. मशीन आहे उभं मशीनिंग सेंटर, म्हणजे शॉपवर ज्याला व्हीएमसी म्हणतात ते. टेबल खाली, स्पिंडलचं जड डोकं वर. हे डोकं खाली-वर होतं त्या दिशेला झेड ॲक्सिस म्हणतात. एक्स आणि वाय व्यवस्थित चालतायत. झेडला जरा हलवायला गेलं की मोटर क्षणभर गुरगुरते आणि स्क्रीनवर SV0411 EXCESS ERROR येतं. कंट्रोलरची तक्रार इतकीच, की मी सांगितलं तिथे झेड पोहोचला नाही, फार मागे राहिला. का राहिला, हे त्याला माहीत नाही. ते शोधण्यासाठीच हा कॉल आहे.

कॉल लागला की आधी तुमची जागा ठरवा. क्लासमध्ये शिकवलेलं असतं, की दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगावं. परिषदेत ते ठीक आहे. शॉपवर तुम्ही "मी आता पॉवर बंद करतो" म्हणालात तर मागे उभा असलेला हेल्पर तुमच्याकडे आणि मग मेन स्विचकडे बघतो. इथे सरळ "ते म्हणतायत", "दादा म्हणतायत" असंच बोला. व्याकरणाच्या बाई रागावतील, पण त्या पॅनलसमोर उभ्या नाहीत.

फोन दादांच्या हातात देऊ नका, त्यांना दोन्ही हात लागणार आहेत. तो हेल्परने धरावा आणि तुम्ही वायरच्या इअरफोनने दुसऱ्या फोनवरून ऐकावं. पॅनलमधले आकडे व्हिडिओवर नीट दिसतील अशी आशा धरू नका. ॲम्प्लिफायरवरचा लाल आकडा डोळ्याला स्थिर दिसतो, पण कॅमेऱ्यात लुकलुकतो आणि त्याची एखादी रेघ गायब होते. मग आठचा सहा होतो आणि तिकडचा इंजिनिअर भलत्याच अलार्मचं पान उघडतो. आकडा वाचून सांगा आणि वर स्थिर फोटो पाठवा.

पहिला धडा : 'हाय'. तुम्ही पहिलं वाक्य सांगायला लागाल तसा जपानी इंजिनिअर मध्ये मध्ये "हाय, हाय" म्हणत राहील. शब्दकोशात त्याचा अर्थ 'हो' आहे. प्रत्यक्षात तो फक्त "ऐकतोय, पुढे बोला" असं म्हणतोय. इकडे दादा "चालू करू का?" असं विचारत असतात, तुम्ही त्यांचं वाक्य तिकडे नेत असता, अर्ध्यातच फोनमधून "हाय" ऐकू येतं आणि दादांचा हात बटणाकडे जातो. दादांचीही चूक नाही. ते स्वतः "हां, हां" म्हणतात तेव्हा त्यांनाही तेवढंच म्हणायचं असतं. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना होकार देत राहतात आणि परवानगी कोणीच दिलेली नसते. म्हणून कॉल सुरू होतानाच ठरवून टाका, की माझ्या तोंडून "चालू करा" असे दोन शब्द निघाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तिकडे इंजिनिअरलाही हेच सांगा. त्याला हा नियम मनापासून आवडेल. त्या दिवसात त्याला आवडलेली ती एकमेव गोष्ट असेल.

दुसरा धडा नेटवर्कचा आहे. मराठी आणि जपानी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्य फिरवावं लागत नाही आणि तुम्ही भराभर पुढे जाता. पण नकारही शेवटीच येतो. "ब्रेकची वायर सोडू नका" यातला 'नका' अगदी शेवटी असतो आणि कॉल नेमका तिथेच अडकतो. मग दादांना ऐकू येतं, "ब्रेकची वायर सोडू…" जपानीतही 'हाझुसानाइदे' म्हणजे 'काढू नका' आणि 'हाझुशिते' म्हणजे 'काढा' यांची सुरुवात सारखीच. पहिल्या दोन अक्षरांनंतर आवाज तुटला तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं, तरी कळल्यासारखं वाटतं. अशा वेळी अंदाजाने वाक्य पुरं करणारे दुभाषे फार हुशार असतात. तुम्ही इतके हुशार होऊ नका. नकार सांगायचा असेल तर आधी "थांबा" म्हणा, मग बाकीचं. "थांबा. वायर तशीच राहू दे." यातलं काहीही तुटलं तरी दादा थांबलेले असतात.

ही काळजी इथे का, तेही ऐका. झेडच्या मोटरमध्ये जो ब्रेक असतो तो आपल्या गाडीच्या ब्रेकच्या उलट चालतो. आत स्प्रिंग असते आणि ती ब्रेक कायम दाबून धरते. 24 व्होल्ट डीसी मिळाले की कॉइल स्प्रिंगला मागे खेचते आणि ब्रेक सुटतो. म्हणजे वीज गेली की ब्रेक लागतो, म्हणूनच लाइट गेल्यावर डोकं खाली येत नाही. बऱ्याच मशीनवर ते काही शे किलोंचं असतं. मोटर बंद असताना कोणी बाहेरून ब्रेकला 24 व्होल्ट दिले, किंवा मोटरच सोडवली, तर ते डोकं आपल्या वजनाने खाली येतं. त्यामुळे इंजिनिअरचं पहिलं वाक्य बहुधा डोक्याखाली टेबलवर लाकडी ठोकळा लावायचं असेल. ते वाक्य आधी पोचवा, दुसरं काही ऐकण्याच्या आधी. ठोकळा लागल्याचा फोटो तिकडे जाईपर्यंत कोणी पाना उचलला तर मोठ्याने खाकरा.

आता आवाजांचं. इथे तुमची भाषा खरी कामाला येते, कारण मराठीइतकीच जपानीही आवाजांच्या शब्दांनी भरलेली आहे. खडखड म्हणजे 'गाता-गाता', हलकी असेल तर 'काता-काता'. घासल्याची खरखर 'गारी-गारी'. शिवाय जपानी फिटर नुसतं 'गाता' म्हणाला तर त्याला आवाज नाही, सैलपणा म्हणायचा असतो. एखादा भाग हाताने हलवल्यावर जेवढा डुगडुगतो तेवढा. दादा 'प्ले आहे' म्हणतात तो हाच. या शब्दांना 'असामान्य ध्वनी' असं काही सभ्य रूप देऊ नका. दादांनी तोंडाने काढला तो आवाज तुम्हीही तोंडाने काढा. लाज वाटते, पण काम होतं.

इंजिनिअर विचारतो, इमर्जन्सी बटण सोडल्यावर 'काचिन्' असा आवाज येतो का? दादा म्हणतात, "येतो की, टक् करून." तुम्ही 'हो, येतो' असं सांगितलंत तर इंजिनिअर समजेल की ब्रेक सुटतोय, आणि तो बॉलस्क्रू जाम आहे का, बेअरिंग गेलंय का असं विचारत तासभर दुसऱ्या वाटेने जाईल. त्याला हवा होता तो आवाज मोटरमधला, कॉलमच्या वरच्या टोकाचा. दादा उभे होते पॅनलजवळ आणि त्यांनी ऐकला तो रिलेचा. म्हणून कोणताही आवाज तिकडे पाठवताना त्याचा पत्ताही विचारा : "दादा, कुठून आला?" मग शिडी येते. दादा वर चढून मोटरच्या जवळ कान नेतात, कपलिंगपासून हात लांब ठेवून. खालून ऑपरेटर बटण सोडतो. पॅनलमध्ये टक् होतं. वर काहीच होत नाही.

म्हणजे रिले चालू होतोय, पण ब्रेक सुटत नाहीये. मोटर लागलेल्या ब्रेकशी झुंजतेय, म्हणून गुरगुरते. आता ब्रेकला 24 व्होल्ट पोचतात का ते बघायचं.

इथे जरा थांबू, कारण दुभाष्याचं नाव होतं किंवा जातं ते इथेच. दादा कॉलमवरच्या छोट्या टर्मिनल बॉक्सपाशी आहेत. मेन स्विच बंद करून त्यांनी ब्रेककडे जाणारी वायर टर्मिनलमधून काढली, स्विच पुन्हा लावला, इमर्जन्सी सोडली आणि मल्टिमीटर लावला. ते वरून ओरडतात, "वायर काढून मोजलं तर पावणेचोवीस येतायत!" तुम्ही घाईत असता, पावणेचोवीसचे 23.75 करण्यात गुंतलेले असता आणि तिकडे पाठवता : "23.75 व्होल्ट आहेत." वाक्य शुद्ध, आकडा बरोबर. फक्त 'वायर काढून' एवढंच राहिलं. इंजिनिअर म्हणतो, अच्छा, मग वीज पोचतेय, ब्रेकची कॉइल गेली असणार, मोटर बदलावी लागेल. मोटर जपानहून येणार. साहेब खुर्चीत बसतात.

'वायर काढून' याला एवढं महत्त्व का? पॅनलपासून कॉलमपर्यंत ती वायर एका केबल चेनमधून जाते, आणि या मशीनचा कॉलम मागे-पुढे होईल तशी दिवसभर वाकते-सरळ होते. काही वर्षांत आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. तुटलेली टोकं जेमतेम टेकलेली असतात, त्यात कूलंट शिरून ती काळवंडलेली असतात. मल्टिमीटरला मोजायला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे त्या जेमतेम टेकलेल्या जागेतूनही त्याला पूर्ण 24 व्होल्ट दिसतात. ब्रेकच्या कॉइलला मात्र एखादा अँपिअर लागतो. तो मागितला की बहुतेक व्होल्टेज त्या तुटक्या जागीच संपतं आणि कॉइलच्या वाट्याला उरतं ते स्प्रिंगला पुरत नाही. म्हणून वायर काढून मोजलेले 24 काहीच सिद्ध करत नाहीत. वायर लावून, म्हणजे ब्रेक जोडलेला असताना, मोजलं पाहिजे.

आणि केव्हा मोजलं हेही पाहिजे. अलार्म आला की कंट्रोलर ब्रेकची वीज स्वतःच काढून घेतो, म्हणजे अलार्म स्क्रीनवर असताना मोजलं तर शून्यच येणार आणि त्यावरून रिले खराब म्हणून कोणीतरी रिले बदलणार. मोजायचं ते इमर्जन्सी सोडल्यावर, सर्वो तयार झाल्यावर आणि झेड हलवायच्या आधी. मशीन त्या वेळी चालू असतं आणि त्याच बॉक्समध्ये शेजारी मोटरच्या मोठ्या व्होल्टेजच्या वायरी असतात. त्यामुळे दादा मोजत असताना त्यांच्याशी बोलू नका. साहेबांनाही बोलू देऊ नका.

तेव्हा आकडा एकटा कधीच पाठवू नका. कुठे मोजलं, केव्हा मोजलं, काय जोडलेलं असताना मोजलं आणि मल्टिमीटर डीसीवर होता का, हे त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. दादांनी सांगितलं नसेल तर विचारा. विचारल्याने आपल्याला काही कळत नाही असं दिसेल ही भीती असते. पण कळत नाहीच, आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. आकडा जपानीत सांगताना सातला 'शिची' न म्हणता 'नाना' म्हणा. खराब लाइनवर 'शिची' आणि एकचा 'इची' सारखेच ऐकू येतात. मराठीत ऐकताना पावणे, सव्वा, साडे आले की मल्टिमीटरचा फोटो मागा.

आता इंजिनिअर वायर लावून मोजायला सांगतो. दादा मोजतात : आठ. केबल चेन हाताने जरा हलवतात : अकरा, सहा, पुन्हा नऊ. हे वाचून दाखवताना तुम्हाला जपानातून एक दीर्घ "आ-आ-आ" ऐकू येईल. त्याचं भाषांतर करू नका, दादांना कळलेलं असतं.

मधल्या काळात साहेब तीनदा विचारतील, "किती वेळ लागेल विचारा." पहिल्या वेळी विचारा. इंजिनिअर "सोरे वा चोत्तो…" म्हणून वाक्य सोडून देईल. शब्दशः ते 'ते जरा…' एवढंच आहे, पण त्याचा अर्थ 'सांगता येणार नाही' असा आहे. 'थोडा वेळ' असा अजिबात नाही. तुम्ही 'थोडा' म्हणालात तर साहेब ग्राहकाला फोन करून आज रात्रीची गाडी भरायला सांगतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी विचारू नका, त्यांना चहाचं सुचवा.

दुरुस्तीच्या वेळी 'हा', 'तो', 'त्याच्या शेजारचा' हे शब्द कॉलमधून हद्दपार करा. झेडच्या मोटरवर एकाहून अधिक कनेक्टर असतात. त्यातला एन्कोडरचा, म्हणजे मोटर कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणारा, चुकून काढला तर मशीन आपली शून्याची जागा विसरू शकतं आणि मग ती पुन्हा लावण्याचा नवा कार्यक्रम सुरू होतो. जपानी इंजिनिअर 'सोरे' म्हणतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवरचं चित्र दोन सेकंदांपूर्वीचं असतं. फोटो काढा, त्यावर बोटाने गोल करा, पाठवा आणि तोच फोटो दोघांसमोर ठेवून वायरचा नंबर वाचा. नंबर वायरच्या टोकावरच्या पांढऱ्या नळीवर छापलेला असतो. त्यावर तेल असतं. ते पुसायचं फडकं दादांच्या खिशात असतं.

इंजिनिअर सांगेल की पूर्ण केबल बदला, वारंवार वाकण्यासाठी बनवलेलीच घाला. तोवर तात्पुरती दोन तारांची केबल पॅनलपासून टर्मिनल बॉक्सपर्यंत बाहेरून टाका, मेन स्विच बंद करून आणि ठोकळा जागेवर ठेवून. दादा म्हणतील, "स्टोअरमध्ये घरच्या वायरिंगची आहे, ती चालेल?" हा प्रश्न साहेबांसमोर तसाच्या तसा तिकडे पाठवा. उत्तर येईल, की आज रात्रीपुरती चालेल, पण चेनमध्ये घालायची नाही, कडक असते, लवकर तुटते. 'आज रात्रीपुरती' हे दोन शब्द साहेबांच्या कानात नीट जातील असे म्हणा. पहिलं वाक्य ते ऐकतात, दुसरं ऐकत नाहीत.

नवी वायर जोडून झाली की बटण सोडा. वर टक्. आता आवाज मोटरमधून येतोय. पुन्हा मोजलं तर वायर लावूनही 24. कंट्रोलर मोटरने डोकं धरून बसलेला असतो, म्हणून ते खाली येत नाही. ठोकळा काढायची वेळ आता आली, आणि कोणीतरी तो विसरेल. इंजिनिअर विचारेल, न विचारल्यास तुम्ही विचारा. मग तुम्ही ठरवलेले ते दोन शब्द वापरा. झेड आधी वर न्यायचा, सगळ्यात कमी वेगाने, ओव्हरराइड 10 टक्क्यांच्या आसपास ठेवून, स्क्रीनवरच्या लोड मीटरकडे बघत. अलार्म नाही, लोड वाढत नाही.

कॉल संपायच्या आधी इंजिनिअरकडून तीन ओळी लिहून घ्या : कोणती वायर, काय मोजलं, काय बदलायचं. त्या मराठीत करून दादांच्या आणि साहेबांच्या फोनवर टाका. तिकडचा इंजिनिअर "ओत्सुकारेसामा देश्ता" म्हणेल. दादांना सांगा, "दमलात, असं म्हणतायत." दादा हसून हात वर करतील. जपानात एव्हाना रात्र झालेली असते.

बिलात वेळ लिहिताना फोनवर बोलण्याचा लिहू नका, गेटवर एन्ट्री केल्यापासूनचा लिहा. ड्रॉइंगच्या किल्लीची वाट बघितलीत तो वेळही त्यात धरा. अकाउंट्सवाले विचारतील, की त्या वेळात भाषांतर तर झालंच नव्हतं. त्यांना साहेबांकडे पाठवा. साहेब मीटिंगमध्ये असतील.